घरी एकट्याने बेंच प्रेस: सेफ्टी पिन कुठे लावायच्या, बेंच कसा मांडायचा आणि सेट कधी सोडायचा

घरी बारबेल घेऊन व्यायाम करणाऱ्याला एका व्यायामात सगळ्यात मोठा धोका असतो, तो म्हणजे बेंच प्रेस. डेडलिफ्टमध्ये बार सुटला तर जमिनीवर पडतो. उभ्याने वजन डोक्यावर नेताना अंदाज चुकला तर एक पाऊल मागे सरकून बार पुढे सोडता येतो. बेंचवर मात्र आपण बारच्या खाली आडवे असतो, सरकायला जागा नसते आणि बार यायचा तो छातीवर किंवा गळ्यावरच येतो. जिममध्ये अशा वेळी डोक्याशी उभा असलेला सोबती बार उचलून घेतो. घरी तो नाही. त्याच्या जागी बार ठेवायच्या रॅकच्या खांबांतून दोन्ही बाजूंना आडव्या जाणाऱ्या लोखंडाच्या दोन पिन असतात. त्या योग्य उंचीवर असतील, तर खरं सांगायचं तर त्या सोबत्यापेक्षा जास्त भरवशाच्या, कारण त्यांचं लक्ष कधी दुसरीकडे जात नाही.

अडचण इतकीच, की बऱ्याच घरांत पिन रॅकला लावलेल्या असतात पण चुकीच्या भोकात. फार खाली असलेली पिन बार गळ्यावर आल्यावरच कामाला लागते, म्हणजे लागतच नाही. फार वर असेल तर प्रत्येक रेपला बार पिनवर आपटतो, मग माणूस वैतागून ती खाली सरकवतो आणि तिथेच विसरतो. म्हणून आधी उंचीचं गणित नीट समजून घेऊ.

दोन छात्या, दोन उंच्या

बेंच प्रेस नीट करताना आपण खांद्याची पाती मागे ओढून एकमेकींजवळ आणतो, पाठीला थोडी कमान देतो आणि श्वास भरून छाती वर काढतो. या अवस्थेत छातीचा जो भाग बारला लागतो तो बेंचपासून बराच उंच असतो. आता श्वास सोडा, कमान सोडा, पाठ बेंचला टेकवा. तीच छाती दोन-तीन सेंटिमीटर खाली जाते. कमान जास्त देणाऱ्याची याहूनही जास्त खाली जाते.

पिनची वरची कड या दोन उंच्यांच्या मधे यायला हवी. कमान दिलेली असताना बार आधी छातीला लागला पाहिजे, पिनला नाही. आणि हात हरले, श्वास सोडून पाठ टेकवली, की बार पिनवर बसला पाहिजे आणि छाती त्याच्या खाली मोकळी झाली पाहिजे. सुटकेची जागा ती हीच. ती जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची असल्याने अंदाजाने पिन लावून चालत नाही, मोजावं लागतं.

मोजायचं असं. रिकामा बार घ्या, कमान देऊन नेहमीच्या पद्धतीने झोपा, श्वास भरून धरा आणि बार छातीला टेकवून थांबवा. घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून बारच्या खालच्या कडेपर्यंत टेपने मोजायला सांगा. मदतीला कुणीच नसेल तर मोबाइल बाजूला त्याच उंचीवर ठेवून व्हिडिओ काढा आणि रॅकच्या खांबावर चिकटपट्टीने लावलेल्या खुणांवरून उंची वाचा. मग श्वास सोडून, पाठ टेकवून पुन्हा तसंच मोजा. असं दोन-तीनदा करा, कारण पहिल्यांदा माणूस मुद्दाम जास्त कमान देतो. सेटच्या शेवटच्या रेपला जेवढी टिकते तेवढीच कमान धरायची.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. बेंचची गादी जमिनीपासून ४३ सेंमीवर आहे. कमान दिल्यावर बार छातीला टेकतो तेव्हा त्याची खालची कड ६८ सेंमीवर येते. पाठ टेकवल्यावर ती ६५ सेंमीवर जाते. म्हणजे पिनची वरची कड साधारण साडेसहासष्टवर हवी. आता रॅककडे बघा. पुष्कळ रॅकना भोकं दर ५ सेंमीवर असतात. या रॅकवर पिनची वरची कड एका भोकात ६३ वर येते आणि त्याच्या वरच्या भोकात ६८ वर. ६३ वर ठेवली, तर पाठ टेकवल्यावरही छाती ६५ वरच असते आणि बार दोन सेंटिमीटर छातीत रुतून बसतो. हलक्या वजनाला निभावेल, जड वजनाला बरगड्या सांगतील. ६८ वर ठेवली तर बार छातीला आणि पिनला एकाच वेळी लागतो, जरा कमान सैल झाली की आधी पिनला.

इथे बहुतेकजण ‘चालतंय’ म्हणून खालचं भोक घेतात. मी वरचं घेतो आणि बेंच उचलतो. १८ मिमी जाडीच्या प्लायवूडचे दोन तुकडे कापून बेंचच्या पुढच्या आणि मागच्या पायाखाली ठेवायचे. आता कमान दिलेली छाती ६९.८ वर आली आणि टेकवलेली ६६.८ वर. पिन ६८ वर. म्हणजे चालू सेटमध्ये बार पिनच्या १.८ सेंमी वरच थांबतो, आणि पाठ टेकवली की छाती पिनच्या पातळीखाली १.२ सेंमी जाते. एवढं पुरतं.

प्लायवूड बेंचच्या पायापेक्षा चारही बाजूंनी रुंद हवं आणि त्याखाली पातळ रबर हवं, म्हणजे ते जमिनीवर घसरणार नाही. विटा, पुस्तकं, घडी घातलेली चटई यांतलं काहीही चालणार नाही. चटई दबते आणि मोजलेलं सगळं गणित वाया जातं. बेंच उचलल्यावर पाय जमिनीला नीट टेकत नसतील तर पायांखालीही तेवढ्याच जाडीचे तुकडे घ्या. कमान पायांच्या जोरावर टिकते, आणि पाय अधांतरी असले की उंचीचा आकडाच बदलतो.

काही रॅकना बेंचच्या उंचीच्या भागात भोकं अडीच सेंमीवर असतात. तुमच्या रॅकला तशी असतील तर बहुधा प्लायवूडची भानगडच उरणार नाही. लोखंडी पिनऐवजी पट्टे असतील तर एक लक्षात ठेवा: पट्टा मधे झोळ घेतो आणि वजन पडल्यावर आणखी खाली जातो. त्याची उंची रिकाम्या बारने मोजून उपयोग नाही. तुमचं नेहमीचं वजन चढवून बार पट्ट्यावर ठेवा आणि मग मोजा.

उंची ठरली की गळ्याची तपासणी. रिकामा बार पिनवर ठेवा, बेंचवर सपाट झोपा आणि बार हळूहळू गळ्याच्या वर आणा. गळा आणि बार यांच्यामधून उभा धरलेला तळहात सहज गेला पाहिजे. नाकाला बार लागेल न लागेल असं होऊ शकतं, पण गळा पूर्ण मोकळा हवा. बार चुकून चेहऱ्याकडे आला तरी पिन त्याला तिथेही अडवेल, ही खात्री या तपासणीतून मिळते.

पिन बसली म्हणजे काय

चार खांबांच्या रॅकमध्ये पिन पुढच्या खांबातून जाऊन मागच्या खांबाच्या भोकातून बाहेर निघाली पाहिजे आणि तिची खीळ लागली पाहिजे. खांबाच्या आतच अडकलेली पिन बघताना बसल्यासारखी दिसते आणि पहिल्या दणक्याला निसटते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे डावीकडची पिन सोळाव्या भोकात आणि उजवीकडची सतराव्या. त्यामुळे भोकं रोज मोजत बसू नका. एकदा ठरलेल्या भोकांभोवती चारही खांबांवर रंगाने गोल काढा. रिकामा बार पिनवर ठेवून त्यावर पाणपातळी ठेवली की जमीन तिरकी आहे का तेही कळतं.

दोनच खांबांचा रॅक आणि त्याला पुढे निघालेले आडवे हात असतील तर आणखी एक शंका असते, वजन पडल्यावर रॅकच पुढे कलंडेल का? तो जमिनीला बोल्टने बसवलेला नसेल तर मागच्या पायांवर प्लेट ठेवून त्याला भार द्यावा लागतो. खात्री करायची ती झोपून नाही, उभं राहून. बेंच बाहेर काढा, ठरलेलं वजन चढवा आणि बार पिनच्या चार-पाच सेंमी वरून पिनवर सोडा. आधी निम्म्या वजनाने, मग पूर्ण. रॅक हलला, पाय उचलला, पिन वाकली किंवा भोकाच्या कडेचा रंग तडकला तर त्या रॅकवर तेवढ्या वजनाने एकट्याने झोपायचं नाही. एकमेकांना न जोडलेले दोन सुटे स्टँड तर मी या कामासाठी विचारातच घेत नाही. बार एका बाजूने आधी पडतो, तो स्टँड सरकतो आणि दुसरा एकटा काही करू शकत नाही.

बेंच आडवा-उभा कुठे

झोपल्यावर बार डोळ्यांच्या बरोबर वर किंवा कपाळाकडे किंचित सरकलेला दिसला पाहिजे. बेंच फार वर सरकला, म्हणजे खांदे बार टेकवायच्या हुकच्या अगदी खाली आले, तर वर जाताना बार हुकना घासतो, अडतो, आणि दमलेल्या हाताला तेवढा धक्का पुरतो. फार खाली सरकला तर बार हुकमधून काढताना खांदे पुढे ओढले जातात, पाती सुटतात, आणि मोजून ठेवलेली कमान पहिल्या रेपच्या आधीच गेलेली असते. हात सरळ करून बार खांद्यांच्या वर आला की तो आणि हुक यांच्यामधे चार बोटांची जागा राहील असा बेंच ठेवा.

डावी-उजवीकडचं अंतर मात्र नजरेने ठरवू नका. गादीच्या दोन्ही कडांपासून दोन्ही खांबांपर्यंत टेपने मोजा. मग बेंचच्या चारही पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा. दर वेळी मोजायला नको, पाय खुणेत ठेवले की झालं. बारवरही खुणा असतातच. खरखरीत भागात दोन्हीकडे गुळगुळीत कडी असते, पॉवरलिफ्टिंगच्या बारवर त्यांच्यातलं अंतर ८१ सेंमी असतं. कडीपासून बोटं मोजून दोन्ही हात सारख्या अंतरावर धरा. पकड एका बाजूला दोन बोटं सरकली तर एक बाजू आधी दमते, आणि मग बार तिरका का होतोय ते झोपलेल्या माणसाला कळत नाही.

हुकची उंची अशी ठेवा की बार हुकमध्ये असताना कोपर थोडे वाकलेले राहतील आणि हात सरळ केले की बार हुकच्या कडेवरून दोन-तीन सेंमी वर उठेल. दोन भोकांमध्ये मन अडलं तर खालचं घ्या. हुक उंच असेल तर पहिल्या रेपला काही वाटत नाही, शेवटच्या रेपनंतर बार परत ठेवताना तो एका बाजूने हुकवर चढतो आणि दुसऱ्या बाजूने चुकतो. एकट्याने बेंच करताना माणूस सापडतो तो बऱ्याचदा असा, सेट संपल्यानंतर. प्लायवूड घालून बेंच उचललाय हे विसरू नका, हुक त्यानंतर तपासायचा.

अंगठा बारभोवती पूर्ण वळवा. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायची पद्धत काहींना मनगटाला बरी वाटते, पण बार तळहातावरून घसरला तर पिनवर पोचायच्या आधी तो छातीवर आपटतो. एकट्याने करताना या पकडीची बाजू घेणारा एकही मुद्दा मला पटलेला नाही.

कॉलर लावायचे की नाही यावर वाद आहे. कॉलर न लावण्याचा सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं असं, की अडकलात तर बार तिरका करून प्लेट पाडता येतात. पिन नसतील तर ते बरोबर आहे. पण एका बाजूची प्लेट पडली की दुसऱ्या बाजूचं सगळं वजन बारला झटक्याने फिरवतं, आणि त्या वेळी बार तुमच्या हातात असतो. पिन मोजून लावल्या असतील तर कॉलर लावा. पिन नसतील तर कॉलर काढा, आणि एकट्याने जड बेंचही करू नका.

पिनवर उतरण्याची तालीम

पिन असूनही माणसं घाबरतात ती तिच्यावर कधी उतरलेलीच नसल्यामुळे. मग शेवटच्या रेपला बार अडला की ते सगळा जीव लावून ढकलत राहतात, ढुंगण उचलतात, मान वळवतात. म्हणून आधी रिकाम्या बारने आणि मग नेहमीच्या निम्म्या वजनाने हे मुद्दाम करून बघा.

बार वर जाईना असं झालं की ढकलणं थांबवा, पण हात सैल सोडू नका. मनगटं कोपरांच्या वरच ठेवून बार ताब्यात ठेवत छातीच्या खालच्या भागाकडे आणा, जिथे तो प्रत्येक रेपला टेकतो तिथेच. गळ्याकडे नाही. बार छातीला टेकला की श्वास सोडा आणि पाठ बेंचला लावा. बार पिनवर बसल्याचा आवाज दोन्ही बाजूंनी ऐकू आला पाहिजे. एकाच बाजूने आला तर हात सोडू नका, दुसरी बाजू हळूच खाली टेकवा. दोन्ही आवाज आल्यावर हात काढा. मग बार पिनवरून पोटाकडे हळूच लोटा. पोट छातीपेक्षा खाली असतं, त्यामुळे तो मोकळा सरकतो. आणि तुम्ही स्वतः डोक्याच्या दिशेने सरकत बाहेर या. आडव्या हातांचा रॅक असेल तर हातांच्या टोकाला उठलेली कड आहे ना ते आधी बघा, नाहीतर लोटलेला बार पुढे मांड्यांवर पडेल.

तालमीत बार पिनवर बसल्यावर छाती दबत असेल तर उंची चुकली आहे. आणि उलट, चांगल्या रेपलाही पिनचा टण आवाज येत असेल तर एकतर पिन उंच आहे किंवा सेट पुढे जाता जाता तुमची कमान ढासळते आहे. दोन्हींतला फरक ओळखायला सोपा आहे. पहिल्या रेपपासून आवाज येत असेल तर पिन, चौथ्या-पाचव्या रेपनंतर येत असेल तर कमान. दुसऱ्या वेळी पिन खाली सरकवायची नाही, सेट लहान करायचा.

पिन नसताना अडकलेला बार छातीवरून पोटावर आणि पोटावरून मांड्यांवर लोटत नेऊन उठून बसायची युक्ती पुष्कळांना माहीत असते. हलक्या वजनाला ती जमते. वजन वाढलं की बार पोटात रुततो आणि तिथेच राहतो. शिवाय लहान प्लेट असलेला बार पोटाला जास्त दाबतो की कमी, यावर चर्चा करणारे लोक बघितले की मला पिनचं महत्त्व नव्याने पटतं.

सेट सोडायचे नियम

नियम झोपायच्या आधी ठरवायचे, कारण बारच्या खाली असताना माणूस स्वतःशी वाटाघाटी करतो आणि त्या नेहमी ‘आणखी एक’ या बाजूने सुटतात. वहीत वजन, ठरलेले रेप आणि सोडायची खूण लिहून ठेवा.

पहिला नियम रेप शिल्लक ठेवण्याचा. एकट्याने करताना प्रत्येक सेट असा संपवा की आणखी एक, शक्यतो दोन रेप नक्की निघाले असते. ताकद वाढायला दर सेटला हात हरेपर्यंत जावं लागत नाही. शिवाय शेवटचा रेप वर गेल्यावर काम संपत नाही, बार अजून हुकमध्ये ठेवायचा असतो, त्यालाही जोर लागतो. म्हणून ठरलेल्या रेपपेक्षा एकही जास्त करायचा नाही, कितीही हलकं वाटलं तरी. हलकं वाटलं तर पुढच्या वेळी वजन वाढवा.

दुसरा वेगाचा. पहिला रेप वर जायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ लागलेला रेप हा त्या सेटचा शेवटचा रेप, मग ठरलेल्यात कितीही उरलेले असोत. घड्याळ लावायची गरज नाही, पण सुरुवातीचे काही दिवस बाजूने व्हिडिओ काढून बघा. आपल्याला जो रेप झटक्यात गेल्यासारखा वाटतो तो पडद्यावर रखडताना दिसतो. नजर तयार व्हायला याचा फार उपयोग होतो.

तिसरा मार्गाचा. बार चेहऱ्याकडे झुकला, एक हात मागे राहिला, ढुंगण गादीवरून उठलं, यांतलं काहीही दिसलं तर चालू रेप पूर्ण करून बार ठेवा. पूर्ण होण्याची शंका असेल तर पिनवर उतरा. वाटेत बार पूर्ण थांबला तर मनात दोन अंक मोजा आणि तो हलला नाही तर उतरा. पाच-सहा सेकंद झुंजून कधी कधी रेप निघतोही, पण निघाला नाही तर उतरताना बार ताब्यात ठेवायला हातात काही उरलेलं नसतं. पिन वजन अडवते, पण तिरका पडणारा बार सरळ करत नाही.

चौथा नियम दुखण्याचा. स्नायू जळल्यासारखे वाटणं वेगळं. खांद्याच्या पुढच्या भागात किंवा छाती आणि दंड यांच्या सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, ओढल्यासारखं किंवा फाटल्यासारखं वाटलं, हाताला मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रेप संपवायच्या फंदात न पडता थेट पिनवर. आणि त्या दिवसाचा बेंच तिथेच संपला, हलक्या वजनानेही ‘बघूया’ नको. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, ते हातात, जबड्यात पसरणं, दम लागणं, घाम फुटणं हा व्यायामाचा प्रश्न नाही, लगेच रुग्णवाहिका बोलवायची. रक्तदाब जास्त असेल तर जड वजन उचलताना श्वास रोखल्याने तो आणखी चढतो, त्यामुळे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता हे नियम एका दिवसावर लावून बघू. ठरलेलं काम ६० किलोचे पाच-पाच रेपचे तीन सेट. आधी रिकाम्या २० किलोच्या बारने आठ रेप, मग ४० ने पाच, ५० ने तीन. रिकाम्या बारच्या सेटमध्येच एक रेप मुद्दाम पिनवर उतरवायचा. त्यात पिनची उंची, बेंचची जागा आणि दोन्ही बाजूंचा आवाज असं सगळं एकदम तपासून होतं. ६० चा पहिला सेट, पाचही रेप सारख्या वेगाने. दुसऱ्या सेटमध्ये पाचवा जरा जड, पण दुप्पट नाही. तीन मिनिटं विश्रांती. तिसऱ्या सेटमध्ये तिसरा रेप जड झाला, चौथा निम्म्यावर रेंगाळला आणि डावा हात मागे राहिला. चौथा कसाबसा वर गेला. इथे दुसरा आणि तिसरा नियम दोन्ही लागू झाले. बार ठेवायचा. पाचवा रेप करायचा नाही.

वहीत लिहायचं: ५, ५, ४, डावा मागे. पुढच्या वेळी वजन ६० च. तेव्हाही तिसरा सेट अपुरा सोडावा लागला तर त्यानंतर दहा टक्के कमी, म्हणजे ५४, आणि प्लेटच्या हिशोबाने ५५. तिथून दर वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो, म्हणजे एकूण अडीच किलो वाढवत परत या. तिन्ही सेट पूर्ण आणि वेग राखून झाले तरच वाढवायचं. आपण जास्तीत जास्त किती उचलू शकतो ते बघायचा मोह एकट्याने असताना टाळा. फारच वाटलं तर पाच रेपच्या वजनावरून अंदाज बांधा आणि प्रत्यक्ष उचलायला कुणी तरी सोबत असेल तो दिवस निवडा.

बार ठेवणं आणि उतरवणं

सेट संपल्यावर बार हुक शोधत खाली आणू नका. हात पूर्ण सरळ ठेवूनच तो मागे न्या, दोन्ही खांबांना टेकल्याचा आवाज ऐका, आणि मगच खाली सोडा. हुककडे बघायला मान वळवली की त्या बाजूचा खांदा सैल पडतो. खांबाला टेकवायचं हे एकच लक्ष ठेवलं तर हुक त्याच्या खाली असतोच.

प्लेट काढताना एका बाजूच्या सगळ्या काढू नका. एक इकडची, एक तिकडची. रॅकवर टेकलेला बार भार एका बाजूला गेला की उलटतो, आणि रिकामी बाजू जोरात वर येते, बहुधा प्लेट काढणाऱ्याच्या तोंडाशी.

खोलीचं दार आतून बंद करू नका. मोबाइल खिशात नको, बेंचवर झोपून हात खाली सोडला तर पोचेल असा जमिनीवर ठेवा. घरात लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर सेट चालू असताना ते खोलीबाहेर हवं. बेंचखाली शिरलेल्या मांजराला पिन वाचवत नाही.

स्क्वॉटसाठी हीच पिन वापरता येते, पण तिचं भोक वेगळं. रिकाम्या बारने आपण जितकं खाली बसतो तिथे बार जिथे येतो त्याच्या तीन-चार सेंमी खाली पिन लावायची, म्हणजे चांगल्या रेपला ती लागत नाही आणि उठता आलं नाही तर आणखी थोडं बसून बार तिच्यावर टेकवता येतो. त्या भोकांभोवती दुसऱ्या रंगाने खूण करा. एकाच दिवशी स्क्वॉट आणि बेंच दोन्ही असतील तर पिन बदलायची राहून जाते, आणि ते लक्षात यायची एकच सोयीची वेळ असते, बेंचच्या रिकाम्या बारच्या सेटमधला तो पिनवर उतरवलेला रेप.

रॅकच नसेल तर

तेव्हा बेंच बाजूला ठेवा आणि जमिनीवर झोपून प्रेस करा. मोठी प्लेट ४५ सेंमी व्यासाची असते. म्हणजे बार जमिनीवर टेकल्यावरही त्याचा मध्य साडेबावीस सेंमीवर आणि खालची कड साधारण २१ सेंमीवर राहते. प्लेट स्वतःच पिनचं काम करतात, गळ्यापर्यंत बार पोचू शकत नाही. छाती भरदार असेल तर ती थोडी दबेल, म्हणून इथेही आधी रिकाम्या बारला दोन मोठ्या प्लेट लावून, सपाट झोपून, बार छातीच्या वर कुठे राहतो ते तपासायचं. पाच-दहा किलोच्या लहान लोखंडी प्लेटना हा हिशोब लागू नाही, त्यांचा व्यास कमी असतो आणि बार सरळ छातीवर येतो. शिवाय बार जमिनीवरूनच उचलायचा असल्याने पहिला रेप सगळ्यात अवघड जातो, त्यामुळे बेंचवरच्या वजनाच्या निम्म्याने सुरुवात करा आणि सोडायचे चारही नियम तसेच ठेवा.